उधारीची मुदत ३० वरून ६० दिवसांवर नेण्याचे पत्र कसे लिहावे

समजा, भोसरीतला एक लहान पुरवठादार मोटारींचे सुटे भाग बनवतो आणि त्यासाठी महिन्याला ४ लाखांचे राउंड बार पोलाद व्यापाऱ्याकडून ३० दिवसांच्या उधारीवर घेतो. त्याचा कच्चा मसुदा असा आहे : “सध्या पैसा अडकल्यामुळे आम्ही फार अडचणीत आहोत, तरी सांभाळून घ्यावे ही कळकळीची विनंती.” हे वाचल्यावर व्यापारी मुदत तर वाढवणार नाहीच, उलट जुने येणे वसूल करून पुढचा माल रोखीवर देऊ लागेल.

पत्राला हात लावण्याआधी व्यापाऱ्याशी खातेउतारा जुळवावा आणि मुदत उलटलेले बिल असेल तर ते चुकते करावे. माल देणारा नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उत्पादक नाही ना, हेही पाहावे. तसा असल्यास २००६ च्या एमएसएमई कायद्याने लेखी करारातही ४५ दिवसांपुढे जाता येत नाही आणि उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. निव्वळ व्यापाऱ्याला ही मर्यादा लागू नाही, म्हणून येथे ६० दिवस मागता येतात.

आता मसुद्यातून ‘अडचण’ काढून तेथे हिशेब घालावा. माल आल्यापासून भाग तयार होऊन जाईपर्यंत १५ दिवस आणि ग्राहकाकडून पैसे येईपर्यंत ४५ दिवस, म्हणजे ६०. आकड्याला असे कारण मिळाले की मागणी याचना वाटत नाही.

त्यानंतर समोरच्याच्या बाजूने गणित करावे, आणि बहुतेक पत्रे कमी पडतात ती येथेच. मुदत दुप्पट झाली की त्याचे येणे ४ लाखांवरून ८ लाखांवर जाते. वाढीव ४ लाखांवर वार्षिक १२ टक्के व्याज धरले, तर त्याला महिन्याला ४,००० रुपयांचा भार पडतो, म्हणजे खरेदीच्या १ टक्का. त्यामुळे दरात थोडी वाढ किंवा खरेदीची हमी, यांपैकी काहीतरी पत्रातच देऊ करावे.

सुधारलेला मजकूर असा होईल :

“आमचे उत्पादन व वसुलीचे चक्र ६० दिवसांचे आहे. त्यास अनुसरून १ तारखेपासूनच्या नव्या बिलांना ६० दिवसांची मुदत मिळावी, अशी विनंती आहे. जुनी बिले ठरल्याप्रमाणे ३० दिवसांतच चुकती होतील. एकूण येणे ८ लाखांपुढे जाऊ देणार नाही आणि सहा महिने दरमहा किमान ४ लाखांची खरेदी आपल्याकडूनच करू. सहा महिन्यांनी आपण या व्यवस्थेचा फेरविचार करावा.”

‘नव्या बिलांना’ हा शब्दप्रयोग गाळू नये, नाहीतर आजची देणी लांबवण्याचा डाव आहे असा समज होतो. पत्र बिलाच्या देय तारखेला न पाठवता, पुढची ऑर्डर देण्याच्या आठवडाभर आधी, मालकांशी फोनवर बोलून त्यांच्याच नावे पाठवावे. त्यांनी ४५ दिवस देऊ केले, तर ते स्वीकारून उरलेल्या १५ दिवसांचा विषय सहा महिन्यांनी, वेळेवर भरलेल्या बिलांची यादी जोडून, पुन्हा काढावा.