पाईप चारीत गाडण्याआधी एक तुकडा कापून बघा

सोयाबीन निघालं, गहू-हरभऱ्याची घाई सुरू झाली, आणि विहिरीपासून वावरापर्यंत नव्या पाईपलाईनी पडायला लागल्या. दरवर्षी याच दिवसांत मी एकच नुकसान बघतो. गव्हाला पहिलं पाणी पेरणीपासून १८ ते २१ दिवसांनी, मुकुटमुळं फुटताना लागतं, आणि नेमकी तेव्हाच लाईन फुटते. आठ दिवस उकराउकरीत जातात. गहू पिवळा पडला की दुकानदार सूक्ष्म अन्नद्रव्याची बाटली पुढे करतो. पिकाला तहान लागलीय, बाटली काय करणार?

बाकीची कामं थोडक्यात:
- बागायती गहू: १ ते १५ नोव्हेंबर, नत्र-स्फुरद-पालाश हेक्टरी १२०:६०:४० किलो, नत्र दोन हप्त्यांत
- हरभरा: हेक्टरी २५:५०:३० किलो, ट्रायकोडर्मा ५ ग्रॅम प्रतिकिलो बियाणं

आता पाईप. आपल्याकडे बहुतेक ९० मिमीचा, ६ किलो दाबाचा पीव्हीसी घेतात, तोच धरून सांगतो.

आधी छपाई वाचा. आयएसआयचं चिन्ह, त्याच्या वर आयएस ४९८५ आणि खाली CM/L क्रमांक हवा. शिवाय कंपनीचं नाव, ९० मिमी, वर्ग व दाब, आणि बॅच क्रमांक. ६ किलोच्या, म्हणजे वर्ग ३ च्या पाईपवर ही छपाई हिरवी असते, ४ किलोवर निळी. नुसतं ‘आयएस प्रमाणे’ असं लिहिलेलं असेल तर तो परवाना नव्हे. CM/L क्रमांक BIS Care ॲपमध्ये टाका. परवाना चालू आहे का, आणि तो याच कंपनीचा व याच मालाचा आहे का, तिथे दिसतं. दुसऱ्याचा क्रमांक छापायला शाईच लागते, म्हणून इथे थांबू नका.

जाडी व्हर्निअरने मोजा. ९० मिमी, ६ किलोला भिंत कुठेही ३.१ मिमीपेक्षा कमी नको. ४ किलोला २.१ चालते. मोजायचं ते सॉकेटच्या टोकाला नाही, साध्या टोकाला. तिथेही कड तासलेली असते, ती सोडून आत. व्हर्निअरची अरुंद टोकं वापरा, कारण रुंद जबडा आतल्या गोलाईवर नीट टेकत नाही आणि जाडी जास्त दाखवतो. गोल फिरवत चार-पाच ठिकाणी मोजा; सरासरी नको, सगळ्यांत कमी आकडा धरा. पाईप फुटतो तो तिथूनच.

वजनात मात्र भलेभले फसतात. मागच्या रब्बीत गावातल्या एकाने ‘६ किलो’ म्हणून साठ पाईप घेतले. दुकानदाराने काट्यावर ठेवून दाखवलं: सहा मीटरला जवळजवळ सात किलो. चांगला पाईप सात किलो शंभर ग्रॅमच्या पुढे भरतो, म्हणजे फरक नजरेत भरण्यासारखा नव्हता. लाईन फुटल्यावर मी मोजलं तर जाडी कुठे २.३, कुठे २.९. भिंत पातळ आणि वजन मात्र जवळपास पूर्ण, हे कसं? पाईपमध्ये खडूची भुकटी भरलेली. ती पीव्हीसीपेक्षा स्वस्त आणि जवळजवळ दुप्पट जड असते, पण प्रमाणाबाहेर घातली की पाईप ठिसूळ होतो.

हे घरी ओळखता येतं. दहा सेंटिमीटरचा तुकडा कापा आणि एका ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर तोला. त्याचा होता ११६ ग्रॅम. मग पाण्याचं भांडं काट्यावर ठेवून आकडा शून्य करा. तुकडा दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा. तळाला टेकू देऊ नका, आत हवेचे बुडबुडे ठेवू नका. आता काट्यावर दिसेल ते तुकड्याचं आकारमान. त्याचं आलं ७१. ११६ भागिले ७१ म्हणजे १.६३. मानकात ही घनता १.४० ते १.४६ आहे. घरच्या काट्याची चूक धरूनही १.५ च्या वर गेलं की तो माल परत. आकडा बरोबर आला तरी दाब सोसण्याची खात्री त्यातून मिळत नाही. भेसळ तेवढी पकडली जाते.

माझा एक अंदाज, शास्त्र नव्हे: करवत चालवताना भुसा वळीवळीने निघाला तर बरं, पिठासारखा उडाला तर मी तो पाईप घेत नाही.

दुकानदार कापू देत नसेल तर आधी एकच पाईप विकत घ्या, तपासा, मग बाकीचे त्याच बॅचचे मागा आणि उतरवताना प्रत्येकावरची बॅच बघा. पक्क्या बिलावर कंपनी, व्यास, वर्ग, CM/L आणि बॅच क्रमांक लिहून घ्या. जोड रात्रभर वाळले की चारी उघडीच ठेवून मोटार चालवा, लाईन दोन तास भरलेली ठेवा, आणि मगच माती लोटा.