बॅकअप रोज होतो, पण दुकान परत उभं राहील का? या चुका टाळा

दिवाळीच्या तोंडावर मसाल्यांच्या एका दुकानदाराचा मला फोन आला. प्लगइन अपडेट करताना त्यांची वेबसाइट बंद पडली होती. बॅकअप रोज रात्री होतो म्हणून त्यांच्या माणसाने बिघडलेलं सगळं पुसलं आणि जुना बॅकअप चढवला. फोटो परत आले. मालाची यादी, दर, ऑर्डरी मात्र गेल्या.

वर्डप्रेसवरच्या दुकानाचे दोन भाग असतात. फाइली म्हणजे पाट्या, मांडणी, फोटो. डेटाबेस म्हणजे तुमची वही: दर, स्टॉक, ऑर्डरी, गिऱ्हाइकांचे पत्ते. त्यांचा बॅकअप फक्त फाइलींचा होता, आणि वही पुसलेल्या भागात गेली. खरं तर पुसण्याआधी ती शाबूत होती! म्हणून साइट बिघडली तरी आधी आहे तशी तिची प्रत काढून ठेवायची, मगच हात लावायचा.

आपल्या बॅकअपमध्ये `.sql` किंवा `.sql.gz` नावाची फाइल आहे का, हे आजच विचारा. तिचा आकार शून्य असेल, किंवा ऑर्डरी वाढूनही महिनोन् महिने तोच असेल, तर काहीतरी चुकतंय. आणि बॅकअप त्याच होस्टिंगवर ठेवू नका. खातं बंद झालं की दोन्ही जातात.

बॅकअप आपोआप होतोय या भरवशावर मोठ्या कंपन्याही फसल्या आहेत. ३१ जानेवारी २०१७ला गिटलॅब कंपनीत चुकून मुख्य डेटाबेस पुसला गेला. रोजचा बॅकअप शोधला तर जागा रिकामी. सॉफ्टवेअरची आवृत्ती जुळत नसल्याने तो होतच नव्हता, आणि तशी सूचना देणाऱ्या मेल पोचत नव्हत्या. सुदैवाने सहा तासांपूर्वीची वेगळी प्रत सापडली.

म्हणून तीन महिन्यांतून एकदा बॅकअप वेगळ्या पत्त्यावर चढवून बघायला सांगा, चालू दुकानावर नाही. त्या प्रतीवरून मेल जाणं आणि पैसे घेणं आधी बंद करायला सांगा, नाहीतर गिऱ्हाइकांना जुन्या ऑर्डरींचे मेल जातात. मग शेजारी बसून स्वतः बघा: बॅकअपच्या आधीची शेवटची ऑर्डर दिसते का? हळदीचा दर आजचाच आहे का? फोटो उघडतात का? आणि घड्याळ लावा. चार तास लागले, तर दुकान चार तास बंद राहणार, हे आधीच कळतं.

एक मर्यादा राहतेच. बॅकअप पहाटे तीनला झाला आणि साइट संध्याकाळी पाचला पडली, तर चौदा तासांच्या ऑर्डरी त्यात नसतात. त्या ऑर्डरच्या मेलवरून आणि पेमेंट गेटवेच्या नोंदींवरून पुन्हा भराव्या लागतात. कॅश ऑन डिलिव्हरीची नोंद गेटवेत नसते, म्हणून ते मेल डिलीट करू नका. सणाच्या दिवसांत डेटाबेसचा बॅकअप दर तासाला घ्यायला सांगा. फाइलींचा रोज रात्री एकदा पुरतो.