उपगटांचे निष्कर्ष लिहिताना: 'पुरुषांना फायदा, स्त्रियांना नाही' असं कधी म्हणावं?

1978 मध्ये कॅनडातल्या एका चाचणीत 585 रुग्णांवर ॲस्पिरिन तपासलं गेलं. पक्षाघात किंवा मृत्यूचा धोका पुरुषांमध्ये स्पष्टपणे घटला, स्त्रियांमध्ये घट सिद्ध झाली नाही. 'ॲस्पिरिन पुरुषांनाच लागू पडतं' हा अर्थ त्यातून निघाला आणि काही वर्षं टिकला. आज दुसरा पक्षाघात टाळण्यासाठी ते स्त्रियांनाही देतात. म्हणून हे लेखन जपून करावं.

आधी प्रत्येक उपगटाचा परिणाम विश्वास-अंतरासह मांडा. समजा, एका काल्पनिक चाचणीत औषधामुळे सापेक्ष जोखीम पुरुषांत 0.70 (95% अंतर 0.53 ते 0.92) आणि स्त्रियांत 0.85 (0.60 ते 1.20) आली. पुरुषांचं अंतर 1 ला ओलांडत नाही, स्त्रियांचं ओलांडतं. चूक इथेच होते. एक निकाल 'सार्थ' आणि दुसरा 'असार्थ' आला म्हणजे दोघांत फरक सिद्ध झाला, असं होत नाही. केवळ स्त्रियांची संख्या कमी असल्यानेही त्यांचं अंतर रुंदावतं.

मग फरकाचीच चाचणी करा. तिला इंटरॅक्शन चाचणी म्हणतात. दोन्ही जोखमींचे नैसर्गिक लॉगरिदम घ्या. अंतराच्या दोन्ही टोकांच्या लॉगमधला फरक 3.92 ने भागला की प्रमाणित त्रुटी मिळते: पुरुषांसाठी 0.141, स्त्रियांसाठी 0.177.

```
z = (ln 0.70 − ln 0.85) / √(0.141² + 0.177²)
  = −0.194 / 0.226 = −0.86
p ≈ 0.39
```

दोन जोखमींचं गुणोत्तर 0.82 येतं आणि त्याचं अंतर 0.53 ते 1.28. लेखात p पेक्षा हे अंतर महत्त्वाचं, कारण त्यावरून आपल्याला किती कमी कळलंय ते दिसतं. पुरुषांना बराच जास्त फायदा असू शकतो, तसाच थोडा कमीही. त्यामुळे 'दोघांवर परिणाम सारखाच' असंही लिहू नका. इंटरॅक्शन शोधायला मुख्य परिणामापेक्षा कितीतरी जास्त रुग्ण लागतात आणि बहुतेक चाचण्यांत तेवढे नसतात.

तपासलेले सगळे उपगट सांगा. त्यातले कोणते आधी ठरवलेले आणि कोणते आकडे पाहून सुचलेले, हेही. हृदयविकाराच्या झटक्यावरच्या 1988 च्या आयसिस-2 चाचणीत 17,187 रुग्ण होते आणि ॲस्पिरिनचा एकूण फायदा निर्विवाद होता. तरी मिथुन आणि तूळ राशीच्या रुग्णांत ते किंचित अपायकारक दिसलं. संशोधकांनी उपगटांचा धोका दाखवायलाच हे छापलं होतं. वीस उपगट पाहिले, तर फरक मुळीच नसतानाही एखादा p 0.05 च्या खाली सहज जातो.

आपल्या उदाहरणाचं वाक्य मी असं लिहीन: 'लिंगानुसार औषधाचा परिणाम वेगळा असल्याचा पुरेसा पुरावा मिळाला नाही (जोखमींचं गुणोत्तर 0.82, 95% अंतर 0.53 ते 1.28, इंटरॅक्शनचा p = 0.39), मात्र बऱ्याच फरकाची शक्यताही या चाचणीवरून नाकारता येत नाही.' सारांशातही हेच लिहा, कारण बरेच वाचक तेवढंच वाचतात.