गाळलेल्या जागा: सातवा शब्द मोजू नका

उताऱ्यातला दर सातवा शब्द गाळला की कधी ‘पैठण’ जातं, कधी ‘जायकवाडी’. यातून पोराला उभयान्वयी अव्यय येतं का, हे कळत नाही.

१. पहिलं वाक्य अख्खं ठेवा.
२. पुढे फक्त पण, तरी, म्हणून, कारण, की यांवर पेन्सिलीने खूण करा. जवळजवळ आलेल्या खुणांपैकी एकच ठेवा.
३. खूण केलेले शब्द गाळून त्यांच्या जागी सगळ्या रेघा सारख्याच लांबीच्या काढा, नाहीतर पोरं रेघ मोजून शब्द ओळखतात.

मूळ उतारा न दाखवता सहकाऱ्याकडून सोडवून घ्याच. ‘पाऊस कमी झाला, ___ धरण भरलं’ इथे ‘पण’ही बसतं, ‘तरी’ही. ‘तरी’च हवं असेल तर ‘पाऊस कमी झाला असला ___ धरण भरलं’ असं करा. तसं जमत नसेल, तर दोन्ही उत्तरांना गुण द्या.