अलंकारांचे बहुपर्यायी प्रश्न काढताना या चुका टाळा

अप्पा बळवंत चौकातून आणलेलं व्याकरणाचं कुठलंही गाइड उघडा. अतिशयोक्तीखाली दमडीच्या तेलाचा दाखला बहुतेक वेळा सापडतोच, आणि अनुप्रास आणि विरोधाभासाचेही दाखले पिढ्यानपिढ्या तेच. नववी-दहावीच्या मुलांना ते इतके पाठ असतात की ओळीचा पहिला शब्द वाचला की हात उत्तराकडे जातो. चाचणीत त्या प्रश्नाला पैकीच्या पैकी गुण पडतात. मग निबंधात हाच मुलगा ‘तिचे डोळे कमळासारखे’ हे वाक्य अतिशयोक्तीचं उदाहरण म्हणून लिहितो, आणि आपण चक्रावतो.

यात दोष प्रश्नाचा आहे. ‘व्याख्या विचारू नका, उदाहरण विचारा’ हा सल्ला बरेच शिक्षक पाळतात. पण उदाहरण गाइडमधलंच असेल तर तीही पाठांतराचीच परीक्षा होते. ओळ नवी हवी, आणि ती आपली आपण लिहिलेली हवी. त्याहून अवघड काम पुढे आहे, ते चुकीचे पर्याय लिहिण्याचं.

चुकीचे पर्याय दुसऱ्या अलंकारांतून उचलणे

ही चूक सगळ्यात जास्त दिसते, म्हणून एकच प्रश्न घेऊन सविस्तर पाहू. विरोधाभास विचारायचा आहे. साधारणपणे प्रश्न असा निघतो:

पुढीलपैकी विरोधाभास अलंकाराचे उदाहरण कोणते?
अ) काळ्या कातळावर कोवळी किरणे कोसळली.
ब) त्याच्या घोरण्याने पर्वती हलली.
क) आजीचा हात सायीसारखा मऊ होता.
ड) होते नव्हते ते वाटून टाकले, तेव्हा ती श्रीमंत झाली.

ओळी नव्या आहेत, उत्तरही बरोबर आहे. तरी या प्रश्नातून फारसं काही कळत नाही. एकमेकांना छेद देणाऱ्या दोन गोष्टी फक्त ‘ड’मध्ये आहेत. मुलांची या अलंकाराबद्दलची ठरलेली गैरसमजूत अशी असते, की वाक्यात उलट अर्थाचं काहीतरी आलं की झाला विरोधाभास. ती मनात असलेला मुलगाही इथे ‘ड’च निवडणार. ज्याला समजलंय तोही ‘ड’, ज्याला समजलेलं नाही तोही ‘ड’. प्रश्न दोघांना वेगळं काढू शकत नाही.

म्हणून पर्याय लिहिण्याआधी एका कागदावर लिहून काढावं की मुलं नेमकी कुठे फसतात. विरोधाभासात ती तीन ठिकाणी फसतात. दोन वेगळ्या वस्तूंमधला फरक त्यांना विरोधाभास वाटतो. एकाच वस्तूच्या दोन वेळच्या अवस्थाही विरोधाभास वाटतात. आणि धडधडीत विसंगत विधानही त्यांना चालतं, कारण ‘आभास’ हा भाग त्यांनी सोडूनच दिलेला असतो. विधान एकाच गोष्टीबद्दल असावं, त्यातल्या दोन बाजू जुळत नाहीत असं दिसावं, आणि थोडा विचार केल्यावर त्या जुळाव्यात, हे सगळं एकत्र आलं तरच तो अलंकार होतो. आता या तीन गैरसमजुतींचे तीन पर्याय करू:

पुढीलपैकी कोणत्या वाक्यात विरोधाभास अलंकार आहे?
अ) धाकटा दिवसभर बडबडत असतो, तर थोरला अगदी अबोल आहे.
ब) उन्हाळ्यात नदी आटते आणि पावसाळ्यात दुथडी भरून वाहते.
क) होते नव्हते ते वाटून टाकले, तेव्हा ती श्रीमंत झाली.
ड) काल मी गावाला गेलो होतो आणि काल दिवसभर घरीच होतो.

आता चारही वाक्यांत उलटसुलट अर्थ आहे, त्यामुळे नुसता विरोध शोधून भागत नाही. ‘अ’मध्ये माणसं दोन आहेत. ‘ब’मध्ये ऋतू दोन आहेत. ‘ड’मध्ये विरोध खराखुरा आहे, तो कुठल्याच अर्थाने सुटत नाही. ‘क’मधली श्रीमंती पैशाची नाही हे ज्याला उमगतं, तोच खात्रीने ‘क’ म्हणेल. शिवाय मुलाने काय निवडलं यावरून त्याचं कुठे अडलंय हेही कळतं. ‘ब’ निवडणाऱ्याला पुन्हा पूर्ण व्याख्या सांगत बसायची गरज नाही. ‘एकाच वेळी’ हा मुद्दा त्याच्यासोबत एकदा नीट बोलला की पुरतं.

एक पथ्य मात्र पाळावं. ‘धरण भरले तरी नळ कोरडाच’ यासारखी वाक्यं चुकीचा पर्याय म्हणून घालू नयेत. पुण्यातल्या मुलाला ते वाक्य अगदी ओळखीचं वाटेल, पण तो विरोधाभास आहे की नुसती तक्रार, यावर शिक्षकांच्या खोलीतच दोन तट पडतील. ज्यावर आपलं एकमत होत नाही ते मुलांना विचारू नये.

मोठा आकडा दिसला की अतिशयोक्ती

अतिशयोक्तीचे पर्याय लिहिताना बरोबर उत्तरातच ‘हजार’, ‘लाख’, ‘आभाळ’ येतं आणि बाकीची तीन वाक्यं साधी राहतात. मुलगा आकडा शोधतो आणि सुटतो. यावर सोपा उपाय म्हणजे मोठी गोष्ट खऱ्या वाक्यात घालायची. ‘१२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले आणि पुण्याच्या पेठांत पाणी शिरले’ हे वाक्य ऐकायला अचाट आहे, पण घडलेलं आहे. ‘सिंहगड समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर उंच आहे’ यात आकडा आहे, अतिशयोक्ती नाही. आणि खरी अतिशयोक्ती बिनआकड्याच्या वाक्यात ठेवावी: ‘बाबांचा आवाज चढला की लक्ष्मी रोडवरची रहदारी थांबायची.’

पण मला त्याहून मोलाचा वाटतो तो दुसरा प्रकार. त्यात वाक्य एकच ठेवायचं आणि प्रसंग बदलायचे. अतिशयोक्ती शब्दांत कमी आणि बोलण्यामागच्या हेतूत जास्त असते, हे मुलांपर्यंत पोहोचवायला इतका सरळ रस्ता मला दुसरा माहीत नाही.

स्वारगेटच्या थांब्यावर एक बाई म्हणाली, “किती तास झाले, मी इथेच उभी आहे!” कोणत्या प्रसंगी हे बोलणे अतिशयोक्ती ठरेल?
अ) ती सकाळी आठला आली होती आणि आता अकरा वाजले आहेत.
ब) ती दहा मिनिटांपूर्वी आली आणि सोबत आलेल्या मैत्रिणीशी वैतागून बोलते आहे.
क) ती दहा मिनिटांपूर्वी आली, पण साहेबांना फोनवर उशिराचे कारण पटवून देते आहे.
ड) ती दहा मिनिटांपूर्वी आली, पण तिचे घड्याळ चुकीची वेळ दाखवते आहे.

‘अ’ ही वस्तुस्थिती आहे, ‘क’ खोटेपणा आणि ‘ड’ गैरसमज. ‘ब’मध्ये बोलणारीला आणि ऐकणारीला दोघींनाही खरं ठाऊक आहे, फसवायचं कुणालाच नाही, वैताग मात्र पुरेपूर पोहोचवायचा आहे. तीन पर्यायांत दहाच मिनिटं ठेवली आहेत, म्हणजे वेळ मोजून उत्तर मिळत नाही. व्याख्या घोकलेला मुलगा ‘क’वर थांबतो, कारण ‘फुगवून सांगणे’ तिथेही आहे. हा प्रश्न पेपरात एकच असावा. तो वाचायला वेळ लागतो, आणि असे चार प्रश्न घातले तर भाषेची परीक्षा वाचनाच्या वेगाची होऊन बसते.

अनुप्रास डोळ्यांनी तपासणे

अनुप्रासाचे पर्याय आपण हमखास एकाच अक्षराने सुरू होणाऱ्या शब्दांचे लिहितो. मुलं पहिली अक्षरं पाहतात, वाचत नाहीत. मराठीत वर्णाची पुनरावृत्ती शब्दाच्या पोटात असली तरी चालते, तिने ओळीला नाद यायला हवा. म्हणून ओळ देऊन नाद कुठून आला ते विचारावं. उदाहरणार्थ, ‘दरड पडली, कडा कडाडला, गडावर एकच हाहाकार.’ पर्याय असे: सगळे शब्द एकाच वर्णाने सुरू होतात, एकच वर्ण शब्दांच्या आत पुन्हा पुन्हा येतो, प्रत्येक भागाच्या शेवटी यमक जुळते, एकच शब्द तसाच पुन्हा येतो. इथे ‘ड’ ऐकू आल्याशिवाय उत्तर सापडत नाही.

हेच प्रश्न इंग्रजीच्या पेपरासाठी भाषांतर करून वापरू नयेत. तिथे अॅलिटरेशन मुख्यतः जवळजवळच्या शब्दांच्या सुरुवातीच्या ध्वनीचं असतं, आणि तो ध्वनी असतो, स्पेलिंग नाही. ‘नाइफ’ आणि ‘किंग’ लिहिताना एकाच अक्षराने सुरू होतात, उच्चारात नाही. ‘फोन’ आणि ‘फॅन’ यांचं नेमकं उलट आहे. चुकीचे पर्याय तिथून काढावेत. ऑक्सिमोरॉनही शेजारशेजारच्या शब्दांपुरता असतो, ‘ओपन सीक्रेट’सारखा. वरचं श्रीमंतीचं वाक्य तिथे पॅराडॉक्स ठरेल. मराठीतला विरोधाभास दोघांनाही सामावून घेतो.

उत्तर आपणहून सांगणारी वाक्यरचना

यावर थोडक्यात. बरोबर पर्याय इतरांपेक्षा लांब किंवा जास्त सजवलेला नसावा. प्रश्नात ‘वरकरणी’, ‘फुगवून’, ‘नाद’ हे व्याख्येतले शब्द आले की उत्तर फुटतं. ‘वरीलपैकी सर्व’ हा पर्याय अलंकारांत घालूच नये, कारण एका ओळीत दोन अलंकार असू शकतात. त्याच कारणाने ‘या ओळीतला अलंकार ओळखा’ असं विचारण्याआधी, आपल्या ओळीत चुकून चेतनगुणोक्ती शिरली नाही ना, हे पाहावं. ‘वाड्यातली शांतता मोठ्याने बोलत होती’ ही ओळ सुंदर आहे, पण तिची दोन उत्तरं बरोबर ठरतात.

पेपर तपासून झाल्यावर

गुण मांडून थांबू नये, प्रत्येक पर्याय किती मुलांनी निवडला तेही मोजावं. ट्रूमन केली यांनी १९३९ मध्ये सुचवलेली पद्धत वर्गातही जमते. एकूण गुणांनुसार उत्तरपत्रिका लावायच्या आणि वरचे २७ टक्के आणि खालचे २७ टक्के गट काढायचे. साठ मुलांच्या वर्गात ते सोळा-सोळा होतात. समजा, विरोधाभासाचा प्रश्न वरच्या सोळांपैकी तेरांनी आणि खालच्या सोळांपैकी पाचांनी बरोबर सोडवला, तर प्रश्न काम करतोय. दोन्ही गटांत चौदा-चौदा आले तर तो पाठांतरावर सुटतोय किंवा फारच सोपा आहे. मात्र एकाच वर्गाच्या आकड्यांवरून पक्का निर्णय करू नये, पुढच्या तुकडीतही पाहावं.

एखादा चुकीचा पर्याय कुणीच निवडला नसेल तर तो बदलावा. तसा दुसरा सुचत नसेल तर तीनच पर्याय ठेवावेत, भरतीचा चौथा नको. आणि वरच्या गटातलीच मुलं दोन पर्यायांत अर्धी-अर्धी वाटली गेली असतील, तर आधी आपली उत्तरसूची तपासावी. त्यातल्या दोघातिघांना बोलावून “हे का निवडलंस?” असं विचारावं. त्यांचं कारण पटण्याजोगं निघालं तर दोन्ही उत्तरांना गुण द्यावेत आणि ती ओळ पुढच्या पेपरातून काढून टाकावी.