माझं युरेनियम ३३७ ग्रॅम आलं, तेव्हा

अणुऊर्जा केंद्राचं गणित मी पहिल्यांदा सोडवलं, तेव्हा उत्तर ३३७ ग्रॅम आलं. खरं उत्तर होतं ३.३ किलो. आकडेमोडीत एकही चूक नव्हती, मी फक्त कार्यक्षमतेने भागायच्या ऐवजी गुणलं होतं.

गणित असं होतं: केंद्र १००० मेगावॅट वीज देतं, कार्यक्षमता ३२ टक्के, एका विखंडनातून २०० मेगा इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा मिळते. दिवसाला किती युरेनियम-२३५ खर्च होतं?

१००० मेगावॅट ही तारेतून बाहेर पडणारी वीज आहे. अणुभट्टीत तयार होते ती उष्णता, आणि तिचा मोठा भाग वाफ थंड करताना पाण्याबरोबर निघून जातो. म्हणजे उष्णता विजेपेक्षा जास्तच हवी: १००० ÷ ०.३२ = ३१२५ मेगावॅट. मी गुणून ३२० काढले होते. भट्टीत ३२० तयार होतात आणि बाहेर १००० पडतात, हे तेव्हा मला खटकलंसुद्धा नाही! आता मी ही पायरी झाली की थांबतो आणि आकडा वाढलाय ना, एवढंच बघतो.

पुढचं सरळ आहे. दिवसाचे ८६,४०० सेकंद, म्हणून ऊर्जा ३.१२५ × १०^९ × ८६,४०० = २.७ × १०^१४ ज्यूल. एका विखंडनाची ऊर्जाही ज्यूलमध्ये हवी: २०० × १.६ × १०^-१३ = ३.२ × १०^-११. भागाकार केला की दिवसाची विखंडनं मिळतात, ८.४४ × १०^२४. प्रत्येक विखंडनात एक अणू जातो. अ‍ॅव्होगॅड्रो अंकाने भागलं तर १४ मोल, गुणिले २३५ ग्रॅम, म्हणजे सुमारे ३.३ किलो.

पडताळ्यासाठी एक आकडा पाठ ठेवा: एक मेगावॅट उष्णता दिवसभर हवी असेल, तर साधारण १.०५ ग्रॅम युरेनियम-२३५ फुटावं लागतं. ३१२५ ला १.०५ ने गुणून बघा.

माझ्या शेजारच्याने मात्र E = mc² लावलं आणि त्याचं उत्तर ३ ग्रॅम आलं. तेही खोटं नाही, पण ते दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर आहे. दिवसभरात वस्तुमान घटतं ते ३ ग्रॅमच. बाकीचं जवळजवळ सगळं फुटलेल्या तुकड्यांच्या आणि न्यूट्रॉनच्या रूपात तिथेच असतं. ‘इंधन किती वापरलं’ म्हणजे किती अणू फुटले त्यांचं वस्तुमान.

खऱ्या भट्टीत हिशेब इतका स्वच्छ नसतो. काही युरेनियम-२३५ न्यूट्रॉन गिळतं आणि न फुटताच २३६ होतं, तर युरेनियम-२३८ पासून बनलेलं प्लुटोनियमही फुटून बरीच ऊर्जा देतं. परीक्षेत हे धरायचं नसतं. पण ‘इंधनात ३ टक्के युरेनियम-२३५ आहे’ असं दिलं असेल, तर शेवटी ०.०३ ने भागा: सुमारे ११० किलो युरेनियम. इथेही भागायचंच आहे, गुणायचं नाही.