झोपाळ्यावर चपडा आहे की लॅकर? थेंबभर स्पिरिटने ओळखा

बडोद्यात दांडिया बाजाराकडच्या जुन्या घरांत सागवानी झोपाळा असतोच, आणि त्यावर गरम कपाचं पांढरं वर्तुळही. ते काढण्याआधी वरचा थर कशाचा आहे ते पाहावं लागतं, कारण चपड्यावर, म्हणजे लाखेच्या पॉलिशवर, चालणारा उपाय मेलामाइनच्या रासायनिक पॉलिशवर चालत नाही.

लागतं एवढंच: कानाच्या काड्या, पांढरं सुती कापड, टर्पेन्टाइन, सुतारी पॉलिशचं स्पिरिट आणि एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोज लॅकरचं थिनर. स्पिरिटऐवजी सॅनिटायझर घेऊ नका. त्यातल्या पाण्याने चपडा पांढरा पडतो आणि निष्कर्ष फसतो. खिडक्या उघड्या ठेवा. जवळ गॅस किंवा देवाची समईही नको.

जागा निवडताना बरेच जण फळीची खालची बाजू धरतात. तिथे बहुधा एकच हात मारलेला असतो, कधी तोही नसतो. वरच्यासारखाच थर हवा म्हणून कडीच्या पट्टीलगतची कड बरी. ती टर्पेन्टाइनने पुसून वाळू द्या. कापडावर पिवळट-तपकिरी आलं तर ते मेण आणि मळ. ते राहिलं तर स्पिरिट थरापर्यंत पोचतच नाही.

आता काडीला स्पिरिट लावून एक थेंब टेकवा. पंखा बंद, नाहीतर थेंब आधीच उडतो. अर्ध्या मिनिटाने काडी हलकेच फिरवा. जागा चिकट झाली, काडीला तपकिरी रंग आला, तर चपडा. हाताने बोळा फिरवून केलेलं पॉलिशही चपडाच, त्यामुळे ब्रशने लावलाय की बोळ्याने, हा भेद थेंब सांगणार नाही, डोळा सांगेल: बोळ्याचं असेल तर तिरप्या उजेडात ब्रशच्या रेघा नसतात आणि सागाची छिद्रं बरीचशी भरलेली दिसतात.

स्पिरिटने काही झालं नाही तरच थिनर. हा क्रम उलटा करू नका. थिनर चपडाही विरघळवतो, मग काहीच कळत नाही. थिनरने लगेच चिकट झालं तर एनसी लॅकर. सुरकुत्या पडल्या तर बहुधा जुनं तेलाचं व्हार्निश. काहीच झालं नाही तर मेलामाइन किंवा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन.

समजा कडेला स्पिरिट आणि थिनर दोन्ही निष्प्रभ, पण टवका उडालेल्या जागी स्पिरिटने चिकटपणा आला. म्हणजे मूळ चपड्यावर नंतर मेलामाइन चढवलंय. अशा झोपाळ्यावरचं वर्तुळ स्पिरिटच्या ओलसर बोळ्याने जाणार नाही, मेलामाइनचा थरच काढावा लागेल. नुसता चपडा असता तर तोच बोळा एक-दोनदा अलगद फिरवून भागलं असतं. जोराने घासलं तर मात्र पॉलिशच उचलून येतं.

संखेड्याच्या रंगीत झोपाळ्याला यातलं काही करू नका. तिथली सोनेरी नक्षी म्हणजे कलईवर चढलेली लाख; लाख विरघळली की खालची चंदेरी कलई उघडी पडते.